बंदीच्या दोन महिन्यांत मांजराला काय घालता?



१ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्याला असतात, तेव्हा जेटीवरची आणि घरातली मांजरं दूध-भातावर येतात. कोणी वरण-भात घालतं, कोणी कुत्र्याची बिस्किटं. मांजर ते खातंही, पोट भरतं. मग बिघडतं कुठे? हे जरा नीट समजून घेऊ.

कुत्रा भाकरी-भातावर बऱ्यापैकी निभावून नेतो, मांजराचं तसं नाही. त्याच्या शरीराला लागणाऱ्या काही गोष्टी फक्त मांस-मासळीतूनच मिळतात. त्यातली एक म्हणजे टॉरिन. १८२७ साली बैलाच्या पित्तात ती पहिल्यांदा सापडली, म्हणून लॅटिनमधल्या बैलाच्या नावावरून तिला हे नाव पडलं. माणूस आणि कुत्रा प्रथिनांतून टॉरिन घरच्या घरी तयार करतात. मांजराच्या यकृतात ते काम करणारी यंत्रणा फारच कमजोर आहे. त्यात भर म्हणजे, चरबी पचवायला लागणारं पित्त मांजर फक्त टॉरिन वापरूनच बनवतं. आपलं शरीर टॉरिन कमी पडलं तर ग्लायसिन नावाचा दुसरा पदार्थ वापरतं, मांजराला ती सोय नाही. त्यामुळे विष्ठेवाटे रोज थोडं टॉरिन बाहेर जातं आणि ते रोजच भरून काढावं लागतं. धान्यात, डाळीत, भाजीत ते जवळजवळ नसतंच. गाईच्या दुधातही अगदी थोडं असतं.

कमी पडलं की पहिला घाव डोळ्यांवर आणि हृदयावर बसतो. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की दुधातलं केसिन हेच ज्यांचं प्रथिन होतं, त्या मांजरांच्या डोळ्याचा आतला पडदा खराब झाला. हे काही महिन्यांत हळूहळू होतं, आणि पडद्याचा मेलेला भाग परत येत नाही. मांजर वास आणि मिशांच्या जोरावर घरात फिरत राहतं, त्यामुळे लक्षात येतं तेव्हा उशीर झालेला असतो. उजेडातही बाहुली मोठीच राहते, आणि हलवलेल्या खुर्चीवर मांजर आपटतं.

हृदयाची गोष्ट १९८७ साली उघड झाली. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे हृदय पसरून फुग्यासारखं ढिलं झालेली मांजरं आली. त्यांच्या रक्तात टॉरिन फार कमी निघालं. गंमत म्हणजे यातली बरीच मांजरं विकतचं तयार खाणं खात होती. त्यांना टॉरिन दिल्यावर दोन-तीन आठवड्यांत तरतरी दिसू लागली, आणि काही महिन्यांत हृदय पुन्हा नीट आकुंचन पावू लागलं. त्यानंतर कंपन्यांनी मांजराच्या खाण्यात टॉरिन वाढवलं आणि हा आजार खूपच कमी झाला. कुत्र्याच्या खाण्यात मात्र ते घालण्याची सक्ती नाही, म्हणून ती बिस्किटं मांजराचं रोजचं जेवण होऊ शकत नाहीत.

गाभण मांजरीच्या बाबतीत तर पिल्लं मेलेली जन्मतात किंवा अगदी किडकिडीत होतात.

आता आपल्या घरातली गोष्ट. टॉरिन पाण्यात विरघळतं. बांगड्याची डोकी उकळली, पाणी मोरीत ओतलं आणि उरलेला चोथा भातात कालवला, तर बराचसा टॉरिन मोरीत गेला. म्हणून मासळी थोड्या पाण्यात, मीठ-मसाला न घालता शिजवा आणि ते पाणी भातावरच ओता. भात थोडा, मासळी जास्त. तिसऱ्या आणि माणकी यांत टॉरिन भरपूर असतं, तेव्हा साफ करताना उरलेलं वाया घालवू नका. काटे काढून टाका. कच्ची मासळी रोज घालू नका, काही माशांमुळे ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. बंदीत ताजी मासळी नसेल तर कोंबडीचं काळीज म्हणजे हृदय, किंवा बिनमिठाचा सुका जवळा चालेल. तेही जमलं नाही तर मांजराचंच म्हणून मिळणारं खाणं थोडं आणून ठेवा.

बाहेर हिंडणारं मांजर उंदीर-पाली मारून आपली उणीव भरून काढतं. दोन महिन्यांत ते आंधळं होणार नाही. खरा धोका आहे तो वर्षभर बंद घरात दूध-भातावर असणाऱ्या मांजराला.

झोपलेल्या मांजराचे श्वास एक मिनिट मोजा. रोजच ३० च्या वर जात असतील, किंवा मागचे पाय अचानक थंड आणि लुळे पडले, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. हृदयाची सोनोग्राफी केल्यावर कळतं. सगळेच हृदयविकार टॉरिनने बरे होत नाहीत, भिंत जाड होण्याचा आजार वेगळा असतो. पण आहार कमी पडल्यामुळे झालेला असेल, तर वेळेत गेलेलं मांजर वाचू शकतं.

घरात मांजर असलेल्यांना हे जरूर पाठवा.