दुर्बिणीची काच आणि तिची कड

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजेच नंतरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, 1888 साली एक वेधशाळा उभी राहिली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीमुळे ती साकारली आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख होते. तेथे बसविलेली डब्लिनच्या ग्रब कंपनीची वीस इंची दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. मात्र तिचा मुख्य भाग भिंग नव्हता, आरसा होता. दुर्बिणीचा जन्म भिंगांतून झाला असताना पुण्याच्या दुर्बिणीत आरसा का आला, या प्रश्नाचे उत्तर काच घासणाऱ्या कारागिरांच्या दीर्घ खटपटीत सापडते.

वृद्धांना जवळचे दिसावे म्हणून बहिर्गोल भिंगांचे चष्मे इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस तयार होऊ लागले. लांबचे न दिसणाऱ्यांसाठी अंतर्गोल भिंगे पंधराव्या शतकाच्या मध्यास बाजारात आली. पुढे सौम्य बहिर्गोल भिंग आणि डोळ्याजवळ तीव्र अंतर्गोल भिंग धरले की दुर्बीण होते. म्हणजे दोन्ही वस्तू चष्मेवाल्यांच्या दुकानात दीडशे वर्षे शेजारी शेजारी पडून होत्या. तरीही दुर्बीण अवतरली ती 1608 मध्ये.

या विलंबाचे कारण काचेच्या कडेत दडलेले होते. चष्म्यातून पाहताना डोळ्याची बाहुली एका वेळी भिंगाचा काही मिलिमीटरांचा भागच वापरते. त्यामुळे भिंगाची वक्रता इकडे तिकडे थोडी बिघडलेली असली तरी गिऱ्हाईकाला ते जाणवत नाही. दुर्बिणीत मात्र पुढच्या संपूर्ण भिंगातून आलेला प्रकाश एकाच ठिकाणी जुळावा लागतो आणि जुळण्यात राहिलेली चूक मागचे भिंग मोठी करून दाखवते. त्या काळची काच वाळू व पाण्याने साच्यात घासून नंतर कापडावर झिलई दिली जाई. कापड दबते, त्यामुळे काचेची कड मध्यापेक्षा अधिक झिजून उतरती होई. जुन्या भिंगांची तपासणी करणारे अभ्यासक रॉल्फ विलाख यांनी दाखवून दिले की, अशा भिंगांचा मध्यभाग बराच नेटका असे आणि दोष प्रामुख्याने कडेला असे. त्यांच्या मते दुर्बिणीच्या शोधातील निर्णायक पाऊल अगदी साधे होते. पुढच्या भिंगावर मध्ये छिद्र असलेली चकती बसवायची आणि कड झाकून टाकायची. प्रकाश कमी झाला, पण प्रतिमा स्वच्छ झाली.

2 ऑक्टोबर 1608 रोजी मिडलबर्ग येथील चष्मे बनविणारा हान्स लिपरहे याचा अर्ज नेदरलंड्सच्या मध्यवर्ती सभेपुढे आला. दूरचे जवळ दाखविणाऱ्या साधनाचा एकाधिकार त्याला हवा होता. सभेने त्याच्याकडून दोन्ही डोळ्यांनी पाहता येतील अशी साधने पैसे देऊन बनवून घेतली. मात्र काही दिवसांतच आल्कमारच्या याकोब मेटियसनेही तोच दावा मांडला. ही विद्या अनेकांना ठाऊक आहे, असे म्हणून सभेने एकाधिकार नाकारला. ज्याचे साहित्य प्रत्येक चष्मेवाल्याकडे आहे, ते गुपित राहणे शक्यच नव्हते.

1609 च्या उन्हाळ्यात ही वार्ता व्हेनिसला पोहोचली. तेथे गॅलिलिओने प्रथम तिप्पट आणि ऑगस्टपर्यंत सुमारे आठपट मोठे दाखविणारी दुर्बीण तयार केली. नगराच्या उंच मनोऱ्यावरून त्याने शासनकर्त्यांना समुद्रावरील गलबते दाखविली. नुसत्या डोळ्यांना दिसण्यापूर्वी दोन तास ती दुर्बिणीतून दिसत. आपला माल केव्हा बंदरात येतो याची वाट पाहणाऱ्या व्यापारी नगरीला या दोन तासांचे मोल समजावून सांगावे लागले नाही.

आकाशासाठी मात्र वीसपट हवे होते आणि बाजारची भिंगे तेथे अपुरी पडली. गॅलिलिओ स्वतः काच घासू लागला. 1609 च्या नोव्हेंबरमधील एका पत्राच्या पाठीवर त्याची खरेदीची यादी आहे. तीत तांदूळ, काबुली चणे, साखर, मिरी, लवंग यांच्या जोडीला तोफेचे गोळे, आरशाच्या काचेचे तुकडे, काच घासण्यासाठी लोखंडी पात्र, झिलईची माती आणि राळ असे सामान आढळते. एवढे करूनही साठाहून अधिक दुर्बिणींपैकी फारच थोड्या आकाशनिरीक्षणास योग्य ठरल्या, असे त्याने स्वतः लिहिले आहे. त्यानेही पुढील भिंगावर पुठ्ठ्याची कडी बसवून कड झाकली होती. जानेवारी 1610 मध्ये गुरूचे उपग्रह दिसले ते अशाच झाकलेल्या भिंगातून.

कडेचा दोष झाकता आला, पण दुसरा दोष काचेच्या स्वभावातच होता. काच जांभळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक वाकवते, म्हणून तेजस्वी ताऱ्याभोवती रंगीत किनार उमटते. त्यावर तोडगा म्हणून भिंगाची वक्रता अगदी सौम्य ठेवून दुर्बीण लांब करण्यात आली. हॉलंडमधील ख्रिस्तियान हायगेन्स आणि त्याचा भाऊ कॉन्स्टंटाइन यांनी स्वहस्ते घासलेल्या भिंगाने 1655 मध्ये शनीचा टायटन हा उपग्रह सापडला. त्या भिंगाचा वापरात असलेला व्यास सुमारे 57 मिलिमीटर आणि नाभीय अंतर सुमारे 3.4 मीटर होते.

मात्र या उपायाची किंमत मोठी होती. रंगीत किनार वाढू न देता भिंगाचा व्यास दुप्पट करायचा, तर लांबी चौपट करावी लागते. म्हणजे 114 मिलिमीटरच्या भिंगाला साडेतेरा मीटर लांबी हवी. डान्झिगच्या हेवेलियसची दुर्बीण तर दीडशे फुटांची होती. ती दोर व खांबांच्या आधाराने तोलताना वाऱ्यात डोलत असे. हाच हिशेब पुण्याच्या वीस इंचांना, म्हणजे 508 मिलिमीटरांना, लावला तर साध्या एकेरी भिंगाच्या दुर्बिणीची लांबी अडीचशे मीटरांहून अधिक होते.

आरसा मात्र सर्व रंग एकाच कोनात परावर्तित करतो, त्यामुळे ही किनार उमटतच नाही. न्यूटनने 1668 मध्ये पहिली छोटी आरशाची दुर्बीण तयार केली आणि झिलईसाठी कापडाऐवजी राळेचा थर वापरला. राळ कापडासारखी दबत नाही, ती हळूहळू काचेचा आकार घेते. अठराव्या शतकात दोन प्रकारच्या काचांची जोड देऊन भिंगातील रंगदोषही पुष्कळ कमी करण्यात आला. परंतु मोठ्या व्यासाची निर्दोष काच मिळणे अतिशय कठीण आणि महाग होते. आरशाचा एकच पृष्ठभाग घासावा लागतो आणि प्रकाश काचेच्या आत शिरत नाही. पुण्याच्या दुर्बिणीचा आरसा इंग्लंडच्या ए. ए. कॉमन यांनी बनविला होता. 1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाल्यावर ती दुर्बीण कोडाईकनालला गेली आणि तेथे भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली गेली.

दुर्बीण गेली तरी घासण्याची कला पुण्याला पारखी झाली नाही. 'आयुका' संस्थेतील कार्यशाळांत हौशी निरीक्षकांनी सहा इंची आरसे हाताने घासले आहेत. दोन काचचकत्यांमध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून त्या एकमेकींवर फिरवल्या की वरची खोलगट व खालची फुगीर होत जाते. मग पूड क्रमाने बारीक करीत जातात. आधीच्या भरड पुडीचा एक कण जरी राहिला तरी ओरखडा पडतो आणि मागे जाऊन पुन्हा घासावे लागते. शेवटी राळेवर झिलई आणि प्रकाशकिरणांच्या वाटेत पात्याची धार सरकवून परीक्षा. या परीक्षेत पृष्ठभागाचे चढउतार छायेसारखे उमटतात आणि आजही सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे उतरती कड. ती पुन्हा झिलई देऊनही सुधारली नाही, तर आरशाच्या कडेवर काळी कडी बसवितात. चारशे वर्षांपूर्वी पुठ्ठ्याच्या चकतीने केले तेच काम ती करते.