सांध्यातील लपलेला दोष

दोन जाड पोलादी पत्रे वेल्डिंगने जोडले, की सांधा वरून सलग दिसतो. पण तो आतून एकजीव झाला आहे काय? श्रोतेहो, सांध्याच्या काठाशी पडलेली खाच, म्हणजे अंडरकट, नुसत्या डोळ्यांनीही दिसते. आत कोंडलेल्या वायूची छिद्रे क्ष-किरणांच्या फिल्मवर काळ्या ठिपक्यांच्या रूपाने उमटतात. कारण तेथे धातू कमी असल्याने किरण अधिक पार जातात.

खरा फसवा दोष तिसराच. पत्र्याची कड पुरेशी वितळली नाही, तर ओतलेला धातू तिच्याशी एकरूप न होता नुसता टेकून राहतो. मधली फट कागदाहून पातळ असते. किरण तिच्या पातळीतूनच गेले, तर ती रेषेसारखी दिसते; एरवी बहुधा निसटते.

येथे श्राव्यातीत ध्वनी उपयोगी पडतो. समजा, कड उभ्या रेषेशी 30 अंश तिरपी कापली आहे. मग 60 अंशांनी सोडलेला ध्वनी पत्र्याच्या तळावरून उसळून वर येताना त्या कडेवर काटकोनात आदळतो आणि फट असल्यास आल्या वाटेनेच परततो. म्हणून परीक्षकाने आधी विचारावे, कड कोणत्या कोनात कापली होती?