नोटिशीचा पगार : दिवस आणि भाजक

साक्री तालुक्यातील पिंपळनेरसारख्या बाजारपेठेत एखाद्या दुकानातील हिशेबनीसाला मालक जेव्हा ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगतो, तेव्हा झालेल्या कामाच्या पगाराखेरीज आणखी एक रक्कम देय ठरू शकते. नेमणूकपत्रात ठरलेली नोटीस पूर्ण न देता नोकरी संपवली, तर राहिलेल्या दिवसांचे जे वेतन मालकाने द्यायचे असते, त्यास नोटिशीऐवजी वेतन म्हणतात. नेमणूकपत्रात ते बहुधा मासिक ग्रॉस पगारावर, म्हणजे मूळ पगार व भत्ते मिळून, कोणतीही कपात होण्यापूर्वीच्या रकमेवर ठरवलेले असते.

हिशेबाची खरी गुंतागुंत भाजकात आहे. समजा, ग्रॉस पगार १५,६०० रुपये व नोटीस ३० दिवसांची असून, नोटीस दिल्यानंतर १२ दिवसांनी माणसाला थांबवले, तर १८ दिवस उरतात. महिना ३० दिवसांचा धरल्यास रोजचा दर ५२० रुपये येतो आणि देय रक्कम ९,३६० रुपये होते. साप्ताहिक सुट्या वगळून महिना २६ दिवसांचा धरल्यास दर ६०० रुपये येतो, परंतु मग उरलेल्या १८ दिवसांतील ३ सुट्याही वगळाव्या लागतात आणि १५ दिवसांचे ९,००० रुपये होतात. दोन्ही रीती आपापल्या जागी सुसंगत आहेत. चूक होते ती त्यांची सरमिसळ झाली की. भाजक ३० चा ठेवून दिवस मात्र १५ च मोजले, तर हाती ७,८०० रुपये पडतात आणि कामगाराचे १,५६० रुपये बुडतात. म्हणून हिशेबाच्या कागदावर दर व दिवस दोन्ही लिहिलेले असले, तर गफलत तत्काळ ओळखता येते.

नेमणूकपत्रातील करार हा कायद्याच्या खाली जाऊ शकत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० च्या कलम ७० नुसार, किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना कारणांसह एक महिन्याची लेखी नोटीस अथवा त्या काळाचे वेतन द्यावे लागते. कपातीची भरपाई त्याहून वेगळी असते. मात्र संहितेतील ‘वेतन’ म्हणजे संपूर्ण ग्रॉस नव्हे. घरभाड्यासारखे काही भत्ते, ठरावीक मर्यादेत, त्यातून वगळले जातात.

रकमेइतकीच वेळही निर्णायक असते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याखालील नॅशनल आयर्न अँड स्टील कंपनीच्या खटल्यात, सेवा आधी संपवून पैसे नेण्यास नंतरच्या तारखेला बोलावणे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये अवैध ठरवले. त्यामुळे सही करण्यापूर्वी कामगाराने हिशेबात नोटिशीच्या पगाराची ओळ वेगळी आहे का, आणि पत्राची व रकमेची तारीख एकच आहे का, हे पाहून घ्यावे.