उणे चिन्ह, एक फोटो आणि चार मुळे

रात्री साडेदहाच्या सुमारास क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गणिताचा एक फोटो येतो. वहीचं पान तिरपं, अर्ध्यावर मोबाइलची सावली, आणि गणित असं: z⁴ = −८ + ८√३ i, z च्या सगळ्या किमती काढा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना असले फोटो पाठवायची आणि सोडवायची सवय असते. गंमत अशी की, इथे पहिली चूक बहुधा आकडेमोडीत होतच नाही. ती वाचतानाच होते.

८ च्या आधीचं उणे चिन्ह सावलीत हरवतं. वर्गमूळाची रेघ थोडी लांब ओढलेली असली, तर i आत की बाहेर तेही कळत नाही. म्हणून कोरा कागद घेऊन गणित पुन्हा स्वच्छ लिहून काढणं, हीच पहिली पायरी.

संमिश्र संख्या म्हणजे आलेखावरचा एक बिंदू. −८ म्हणजे आठ घरं डावीकडे, ८√३ म्हणजे साधारण १३.८६ घरं वर. हाच बिंदू दुसऱ्या तऱ्हेनेही सांगता येतो: मध्यापासून किती लांब आणि कोणत्या दिशेला. लांबीसाठी ६४ आणि १९२ यांची बेरीज २५६, तिचं वर्गमूळ १६. हा झाला मापांक. दिशा मात्र जरा लबाड असते. कॅल्क्युलेटरला tan⁻¹(−√३) विचारलं की तो बिनदिक्कत −६०° सांगतो. त्याला फक्त भागाकार कळतो. बिंदू डावीकडे वर आहे की उजवीकडे खाली, हे कळायला त्याच्याकडे मार्ग नाही. आपला बिंदू डावीकडे वर, म्हणजे दुसऱ्या चरणात आहे. तेव्हा कोन १२०°.

आता खरा फायदा दिसतो. दोन संमिश्र संख्यांचा गुणाकार करताना लांब्यांचा गुणाकार होतो आणि कोनांची बेरीज. त्यामुळे चौथा घात म्हणजे लांबीचा चौथा घात आणि कोनाची चौपट. या नियमाला द मॉयव्हरचं नाव आहे. १६६७ मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेला, प्रोटेस्टंट असल्यामुळे देश सोडून लंडनला गेलेला आणि शिकवण्या करून पोट भरणारा हा गणिती. आज पुस्तकात दिसतं त्या रूपात नियम मांडला तो मात्र ऑयलरने.

मूळ काढायचं म्हणजे हाच रस्ता उलटा चालायचा. लांबीचं चौथं मूळ २. कोनाचा चौथा भाग ३०°. झालं एक उत्तर: २(cos ३०° + i sin ३०°), म्हणजे √३ + i. बरीच मुलं इथेच खाली रेघ मारतात आणि तीन उत्तरांचे गुण घालवतात.

बाकीची तीन कुठून येतात? एक पूर्ण फेरा मारला की दिशा बदलत नाही. १२०° म्हटलं काय, ४८०° म्हटलं काय, किंवा ८४०° आणि १२००° म्हटलं काय, बिंदू तोच. पण चाराने भागलं की हे सारखेपण मोडतं. भागाकार येतात ३०°, १२०°, २१०° आणि ३००°. पुढचा फेरा घेतला तर १५६०° चा चौथा भाग ३९०°, म्हणजे पुन्हा ३०°च. म्हणून मुळे नेमकी चार: √३ + i, −१ + √३ i, −√३ − i आणि १ − √३ i. त्रिज्या २ च्या वर्तुळावर ती एकमेकांपासून ९०° अंतरावर बसतात. जोडली की चौरस.

पडताळा सोपा आहे. √३ + i चा वर्ग २ + २√३ i, त्याचा वर्ग ४ − १२ + ८√३ i, म्हणजे −८ + ८√३ i. चारही मुळांची बेरीजही शून्य यायला हवी, आणि ती येते. पण ही दुसरी परीक्षा भोळी आहे: गणितच चुकीचं उतरवलं असलं, तरी समान अंतरावरची मुळे बेरजेत शून्यच देतात.

कॅल्क्युलेटरवर भिस्त ठेवणाऱ्याला पहिलं मूळ −१५° वर मिळतं. त्याचा चौथा घात केला की ८ − ८√३ i येतं, दोन्ही चिन्हं उलटी. फोटोतलं उणे न दिसलेल्याला कोन ६०° वाटतो आणि पहिलं मूळ १५° वर येतं, साधारण १.९३ + ०.५२ i. त्याचा पडताळा मात्र बिनचूक जुळतो, कारण तो चुकीच्या गणिताशीच जुळवून पाहत असतो. त्याला सावध करणारी खूण एकच, तीही कच्ची: हातानं सोडवायच्या गणितात १५° चे वेडेवाकडे दशांश निघू लागले, तर आकडेमोड पुन्हा करण्याआधी फोटो मोठा करून ८ च्या डावीकडे बघावं.