कापलेली अक्षरे, जोडलेला शब्द

वेगवेगळ्या कागदांतून, वेगवेगळ्या वळणांची अक्षरे कापून एक शब्द चिकटवण्याची पद्धत रोमन लिपीत रुळली. 1977 साली सेक्स पिस्टल्स या इंग्लिश बँडच्या रेकॉर्डवर जेमी रीड यांनी वर्तमानपत्री कात्रणांसारख्या अक्षरांनी नावे रचली आणि ही धाटणी जगभर ओळखीची झाली. रोमन अक्षरे छापताना सुटी असतात, त्यामुळे प्रत्येक अक्षराचा कागद वेगळा असला तरी शब्द फारसा बिघडत नाही. देवनागरीत मात्र शब्दाला शिरोरेषा बांधून ठेवते, आणि काना, मात्रा, वेलांट्या अक्षराच्या चारही बाजूंना बसतात. रोमनची युक्ती जशीच्या तशी उचलली, तर मराठी शब्दाचे नुसते तुकडे दिसतात.

‘भाऊबीज’ हा शब्द शुभेच्छापत्रावर रचायचा आहे असे धरू. आडव्या ए-फोर आकाराच्या पुठ्ठ्यावर तो बसवायचा, तर शिरोरेषेपासून पायापर्यंत अक्षरांची उंची 5 सेंटिमीटर ठेवावी. ही उंची आणि शिरोरेषेची पातळी, या दोनच गोष्टी सर्व अक्षरांना समान हव्यात. बाकी सारे बदलता येते. भ जाड आणि चौकोनी, ऊ बोरूच्या वळणाचा, ब रंगीत मासिकाच्या पानातला, ज साध्या घोटीव कागदाचा, असे चालते. दंडांची जाडी साधारण 8 ते 12 मिलिमीटरमध्ये राहावी. एक दंड काडीसारखा आणि शेजारचा त्याच्या तिप्पट झाला, की बारीक अक्षर गळून पडल्यासारखे वाटते.

काना-वेलांटी ज्या अक्षराची, त्याच अक्षराच्या कागदातून कापावी. भचा काना तिसऱ्याच रंगाचा झाला, तर तो सुटा दंड दिसतो. बची वेलांटी जच्या रंगाची झाली, तर डोळा ती जला जोडतो आणि वाचणारा क्षणभर अडखळतो. आपण अक्षर त्याच्या काना-मात्रेसकट एकदम वाचतो, म्हणून कागद बदलायचा तो दोन अक्षरांच्या मध्ये, एका अक्षराच्या पोटात नव्हे.

अक्षरे शिरोरेषेविना कापून वर एक सलग पट्टी चिकटवणे सर्वांत सोपे. त्यामुळे बरीच बंद घरे वरून उघडी राहतात आणि कात्रीने कापता येतात. येथे 8 मिलिमीटर रुंदीची गडद पट्टी पुरते. तीच विजोड अक्षरांना एका शब्दात बांधते. पण पट्टी भच्या डाव्या गाठीवरून नेली, तर भचा म होतो. ध आणि घ, थ आणि य या जोड्यांतही खुली शिरोरेषा हीच मोठी खूण आहे. म्हणून ‘भाऊबीज’मध्ये पट्टी भच्या दंडापासून सुरू करावी आणि गाठीच्या बाजूला किमान 5 मिलिमीटर जागा मोकळी सोडावी.

दुसरा धोका बच्या पोटात आहे. आतली तिरपी रेघ बारीक कापली आणि चिकटवताना ती फाटली, की ब चा व होतो. दोन्ही चुका एकाच वेळी झाल्या, तर पत्रावर ‘माऊवीज’ उमटते. ही रेघ निदान 4 मिलिमीटर रुंद ठेवावी. आतली दोन घरे कटरने आधी कापून मगच बाहेरचा आकार कापावा. कडेचा कागद शाबूत असेपर्यंत अक्षर हातात घट्ट धरता येते. आराखडा कागदाच्या मागच्या बाजूला उलटा काढला, तर पेन्सिलीच्या रेघा पुढे दिसत नाहीत.

नक्षीचा कागद अक्षराला वापरला, तर पार्श्वभूमी कोरी हवी. नक्षीवर नक्षी आली की अक्षराची कडाच हरवते. रंगांबाबत डोळा फसतो: लाल अक्षर हिरव्या कागदावर ठसठशीत वाटते, पण दोघांचा गडदपणा सारखा असेल तर दुरून ते विरते. सगळी अक्षरे न चिकटवता मांडावीत, मोबाइलने कृष्णधवल छायाचित्र घ्यावे. त्यात जे अक्षर पार्श्वभूमीत मिसळेल, त्याचा कागद बदलावा.

वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो. पातळ गोंदाने तो सुरकुततो आणि मागचा मजकूर पुढे दिसू लागतो. त्याची जाड कागदावर झेरॉक्स काढून तीच कापणे बरे. ती पिवळीही लवकर पडत नाही. कोरड्या ग्लू स्टिकने आधी अक्षरे बसवावीत आणि शिरोरेषा शेवटी लावावी, म्हणजे थोडी वरखाली झालेली अक्षरांची डोकी तिच्याखाली झाकली जातात.

अशी मिसळ चार-पाच अक्षरांच्या एका शब्दापर्यंतच चांगली वाचली जाते. त्याखालचा मजकूर, नाव आणि तारीख एकाच साध्या वळणात लिहावी.