फोटोतल्या प्रश्नपत्रिकेची उत्तरसूची

दहावीच्या बीजगणिताच्या कोऱ्या प्रश्नपत्रिकेचा फोटो मोबाइलवर आला, की लगेच गणितं सोडवायला बसू नये. आधी सगळे प्रश्न गुणांसकट वहीत उतरवून घ्यावेत आणि गुणांची बेरीज पत्रिकेच्या माथ्यावरच्या एकूण गुणांशी जुळते का, ते पाहावं. ‘कोणतेही चार सोडवा’ असं असेल, तर उपप्रश्न पाच असले तरी बेरजेत चारच धरायचे. उत्तरं मात्र पाचही लिहायची, कारण कोण कुठलं सोडवील याचा नेम नाही. बेरीज कमी भरली, तर बहुधा फोटोत एखादा प्रश्न कापला गेलेला असतो.

मग अंधूक आकडे. समजा, दोन गुणांचं समीकरण x² − 15x + 64 = 0 असं वाचलं. त्याचा विवेचक 225 − 256, म्हणजे −31 येतो. वास्तव मुळंच नाहीत. ‘अवयव पाडून सोडवा’ म्हटलेल्या प्रश्नात असं होत नाही, म्हणून फोटो मोठा करून पाहावा. तिथं 64 नसून 54 निघतो.

आता सूचीत लिहायचं: −15x ची −9x − 6x अशी फोड, अर्धा गुण, कारण −9 आणि −6 यांचा गुणाकार 54, बेरीज −15; (x − 9)(x − 6) = 0, अर्धा; x = 9 आणि x = 6, प्रत्येकी अर्धा. फोड बरोबर पण शेवटी चिन्ह चुकलं, तर पहिला अर्धा गुण कापायचा नाही, हे अशा विभागणीमुळेच तपासणाऱ्याला कळतं.