व्हिसा लांबला, प्रवेश पुढे ढकलायचा कसा?

२०२५च्या मे अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींसाठी नव्या तारखा देणं थांबवलं. जूनमध्ये त्या पुन्हा मिळू लागल्या, तेव्हा ऑगस्टचं सत्र तोंडावर आलं होतं.

अशा वेळी 'व्हिसा मिळाला नाही' एवढंच कळवून भागत नाही. आय-२०वर छापलेली अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख उलटण्याआधी विद्यापीठाला ईमेल करावा, कोणतं सत्र हवं ते स्पष्ट लिहावं आणि मुलाखतीच्या तारखेची पावती जोडावी.

मान्यता मिळाली की सुधारित आय-२० येतो. त्यावरचा सेविस क्रमांक जुनाच असेल, तर आधी भरलेलं ३५० डॉलर शुल्क सहसा पुन्हा भरावं लागत नाही.

शिष्यवृत्ती मात्र आपोआप पुढे सरकेलच असं नाही आणि काही अभ्यासक्रम जानेवारीत सुरूच होत नाहीत. या दोन्हींबद्दल विद्यापीठाकडून लेखी उत्तर घ्याच.